यूके स्टुडंट व्हिसा: 28 दिवस पैसे ठेवले तरी "हे आले कुठून" असं का विचारतात

प्रश्न: "सप्टेंबरला यूकेला मास्टर्ससाठी जायचंय, युनिव्हर्सिटी लंडनच्या बाहेर आहे, डिपॉझिट भरून 12,500 पौंड फी बाकी आहे. वडिलांच्या खात्यात आधीचे 4 लाख होते. प्लॉट विकला त्याचे 9 लाख बँकेत आले आणि 5 लाख रोख मिळाले, ते आम्ही थोडे थोडे करून खात्यात भरले. पतसंस्थेत 6 लाखांची ठेव आहे, काका 5 लाख देतायत. कन्सल्टंट म्हणतो 28 दिवस ठेवले की काम झालं, पण युनिव्हर्सिटीने मोठ्या जमा रकमांचं स्पष्टीकरण मागितलंय. नेमकं काय द्यायचं?"

तुमचा कन्सल्टंट खोटं बोलत नाहीये पण अर्धंच सांगतोय. 28 दिवसांचा नियम, म्हणजे लागणारी रक्कम खात्यात सलग 28 दिवस ठेवणं, फक्त एवढंच सिद्ध करतो की पैसे होते. ते तुमचे आहेत का, आणि तिकडे गेल्यावर खरंच तुमच्या हाताशी राहणार आहेत का, हा प्रश्न वेगळा आहे आणि युनिव्हर्सिटीने तोच विचारलाय. मी पुण्यात बरीच वर्षं स्टुडंट व्हिसाच्या फाइली तयार करतोय, त्यामुळे यूकेपुरतं बोलतो, बाकी देशांचं गणित वेगळं असतं. कॅनडावाले तर सरळ 4 महिन्यांचं स्टेटमेंटच मागतात, म्हणजे तिथे नवीन जमा झालेली रक्कम आपोआपच दिसते.

आधी आकडा पक्का करू. लंडनबाहेर राहण्याचा खर्च नोव्हेंबर 2025 पासून महिन्याला 1,171 पौंड धरतात, जास्तीत जास्त 9 महिन्यांचा, म्हणजे 10,539. त्यात तुमची बाकी फी 12,500 मिळवली की 23,039 पौंड झाले. आता पौंड 120 रुपये धरला तर साधारण 27 लाख 65 हजार. पण रेट तुमच्या बँकेचा नाही, ओआन्डा या चलनदर देणाऱ्या वेबसाइटचा धरतात आणि तोही अर्जाच्या दिवशीचा, म्हणून काठावरची रक्कम ठेवायची नाही, वर निदान 5 टक्के ठेवा. मधल्या काळात पौंड दोन-तीन रुपयांनी वर गेला तरी पन्नास-साठ हजारांचा फरक पडतो. आणि फीचा आकडा कॅसवर, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या प्रवेशाच्या पत्रावर, जो छापलाय तोच धरायचा, ऑफर लेटरवरचा नाही, डिपॉझिट भरलं असेल तर ते कॅसवर दिसतंय का ते बघून घ्या, दिसत नसेल तर आधी कॅस दुरुस्त करून घ्या.

आता नव्या पैशावर प्रश्न का येतात ते. समोरच्या माणसाच्या जागी बसून बघा. त्याच्यापुढे एक स्टेटमेंट आहे, त्यात वर्षभर वीस हजार, साठ हजार, कधी लाखभर असा बॅलन्स आहे, आणि अचानक दोन महिन्यांत पंधरा-वीस लाख जमा झालेत. वडिलांचं उत्पन्न वर्षाला पाच-सहा लाख. त्याच्या डोक्यात पहिला विचार येतो की हे उसने आणलेत, अर्ज झाला की परत जाणार, आणि मग हा मुलगा तिकडे फी न भरता, मिळेल ते काम करत बसणार. हा संशय हवेतला नाही बरं का, "फंड दाखवून देतो" म्हणणारे लोक आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, महिन्याभरासाठी पैसे खात्यात टाकतात, त्याचं व्याज घेतात आणि काम झालं की काढून घेतात. त्यात एकाच माणसाच्या खात्यातून दहा मुलांच्या खात्यात पैसे गेलेले असतात, आणि हे बँकेकडून पडताळणी केली की दिसतं. फसवणूक केली असा ठपका बसला तर 10 वर्षं यूकेचे दरवाजे बंद होतात, नुसतं रिफ्यूजल मिळण्यापेक्षा हे फार महागात पडतं.

युनिव्हर्सिटी व्हिसा ऑफिसरपेक्षा कडक का वागते तेही सांगतो, बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. त्यांनी कॅस दिलेल्या मुलांपैकी किती जणांचे व्हिसे नाकारले गेले यावर त्यांचं परदेशी विद्यार्थी घ्यायचं लायसन टिकतं. तो आकडा ठरावीक मर्यादेच्या आत ठेवावा लागतो, आधी ही मर्यादा 10 टक्के होती आणि 2025 च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ती 5 वर आणायचं म्हटलं. त्यामुळे थोडीशी शंका असलेली फाइल त्यांना अंगावर घ्यायची नसते, कॅस द्यायच्या आधीच ते सगळं उकरून काढतात. त्यांच्या मेलवर चिडू नका, तिथे जे पास होईल ते पुढेही टिकायची शक्यता जास्त असते.

माझी कामाची पद्धत अशी आहे. मी स्टेटमेंट घेऊन बसतो आणि नेहमीच्या उत्पन्नाशी न जुळणारी प्रत्येक जमा रक्कम खुणेने वेगळी काढतो. मग प्रत्येकीच्या दुसऱ्या टोकाचा कागद शोधतो, म्हणजे रक्कम जिथून आली तिथला, आणि त्या कागदावरची तारीख आणि आकडा स्टेटमेंटशी जुळलाच पाहिजे. जुळतो तिथे फाइल भक्कम, जिथे कागद नाही तिथे पत्रात कितीही गोड लिहिलं तरी उपयोग नसतो. तुमच्या चारही रकमा या चाळणीतून काढू.

प्लॉटचे 9 लाख ही तुमची सगळ्यात चांगली रक्कम. खरेदीखतात मोबदला कसा मिळाला ते लिहिलेलं असतं, चेक नंबर किंवा आरटीजीएसचा यूटीआर नंबर, आणि तोच नंबर स्टेटमेंटमध्ये दिसतो, याहून चांगला पुरावा नाही. अख्खं खरेदीखत मराठीत असणार, पंचवीस-तीस पानं, आणि इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदासोबत पूर्ण भाषांतर जोडावं लागतं, त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क लागतो. म्हणून मी बहुतेक वेळा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा उतारा देतो, एकच पान असतं, त्यावर दोन्ही पार्ट्यांची नावं, दस्त नंबर, तारीख आणि मोबदल्याची रक्कम सगळं येतं, भाषांतरही स्वस्तात होतं. फक्त एक बघा, इंडेक्स टूवर मोबदला किती छापलाय? तुमच्या लिहिण्यावरून तो 9 लाख असणार. तिथेच पुढची अडचण आहे.

ते 5 लाख रोख. स्पष्टच बोलतो, ही रक्कम पुरावा म्हणून धरू नका. कागदावर प्लॉट 9 लाखांचा आहे, म्हणजे उरलेले 5 कागदावर अस्तित्वातच नाहीत. वर जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यालाच मान्य नाही, दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो, त्यामुळे "प्लॉटचे रोख मिळाले" असं परदेशी सरकारला लिहून देऊ नका, आणि वडिलांच्या सीएशी या विषयावर वेगळं, आधी बोलून घ्या. थोडे थोडे करून भरले हे तर आणखी वाईट दिसतं. 45 हजार, 48 हजार, 40 हजार अशा एकापाठोपाठ एक रोख जमा म्हणजे कुणीतरी मर्यादेखाली राहायचा प्रयत्न करतोय असंच वाचणारा समजतो. काही लोक अशा वेळी सल्ला देतात की शेतीचं उत्पन्न म्हणा. तेही करू नका, शेतीचं म्हटलं की लगेच सातबारा, ऊस बिल, बाजार समितीची पट्टी मागतात आणि त्यात 5 लाख कुठेच नसतात. मग एका न पटणाऱ्या रकमेमुळे बाकीच्या खऱ्या रकमांवरही अविश्वास बसतो.

स्टेटमेंटमध्ये त्या एन्ट्र्या आहेतच, त्या लपवता येत नाहीत आणि लपवायच्याही नाहीत. मी पत्रात एक ओळ लिहितो की या रोख जमा रकमा आम्ही निधीच्या हिशोबात धरलेल्या नाहीत, आणि मग आकडेमोड खरोखर त्यांच्याशिवाय करून दाखवतो. युनिव्हर्सिटीने त्याबद्दल थेट विचारलंच तर सीएशी बोलून जे खरं आहे तेवढंच सांगायचं, गोष्ट रचायची नाही.

पतसंस्थेची ठेव हा खास आपल्या महाराष्ट्राचा घोळ. यूकेच्या नियमात पैसे अशा संस्थेत हवेत जिच्यावर त्या देशाच्या नियामकाचं नियंत्रण आहे, जिचं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर आहे आणि जिच्याकडून पडताळणी करून घेता येते. पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेली असते, आरबीआयचं बँकिंग लायसन तिच्याकडे नसतं. नागरी सहकारी बँक वेगळी, तिला लायसन असतं. त्यामुळे 6 लाख पतसंस्थेत ठेवून त्याची पावती जोडू नका, ठेव मोडा आणि पैसे आरटीजीएसने वडिलांच्या बँक खात्यात आणा, रोख अजिबात नको. ठेव पावतीची दोन्ही बाजूंची झेरॉक्स मोडायच्या आधी काढून ठेवा कारण मोडल्यावर मूळ पावती ते ठेवून घेतात, हे इतक्या जणांचं होतं की सांगायची सोय नाही. मोडल्याचं पत्र पतसंस्थेच्या लेटरहेडवर घ्या, ठेव कधी ठेवली होती, मोडली कधी, व्याजासकट किती दिले आणि कुठल्या खात्यात पाठवले हे त्यात आलं पाहिजे. ठेव दोन वर्षं जुनी असेल तर उलट हा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे, पैसा नवीन नाही, फक्त जागा बदलली आहे. मात्र 28 दिवस बँकेत आल्यापासूनच मोजायचे.

बँकेतली एफडी असती तर मोडायची गरज नव्हती, ती हवी तेव्हा मोडता येत असेल तर चालते. फक्त त्यावर कर्ज काढून तारण खूण झालेली नसावी, आणि पाच वर्षांची टॅक्स वाचवणारी एफडी नसावी, ती मुदतीआधी मोडता येत नाही म्हणजे हाताशी नाही. पीपीएफ, शेअर, म्युच्युअल फंड, सोन्याचं मूल्यांकन, घराचं व्हॅल्युएशन, सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट हेही मोजत नाहीत. लोक पन्नास पानांचं व्हॅल्युएशन जोडतात आणि त्यांना वाटतं फाइल भारी झाली.

आता काका. काकांच्या खात्याचं स्टेटमेंट दाखवून चालणार नाही, पैसे तुमच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यातच हवेत (कायदेशीर पालक किंवा नवरा-बायको असेल तर त्यांचंही चालतं). सख्खा भाऊ, आजोबा, मामा कुणाचंच चालत नाही. म्हणजे काकांनी ते आधी वडिलांना किंवा तुम्हाला द्यायला हवेत. इथे काकांशी मोकळेपणाने बोलून ठरवा की हे बक्षीस आहे की उसनवारी. बक्षीस असेल तर स्टँप पेपरवर गिफ्ट डीड, नोटरी, आणि काकांच्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट द्या, आयकरात सख्ख्या काकांकडून आलेल्या भेटीवर कर नसतो त्यामुळे तिथे प्रश्न नाही. पण काकांच्याही खात्यात आदल्या दिवशी 5 लाख रोख भरले असतील तर साखळी तिथेच तुटली, तुम्ही प्रश्न फक्त एक घर पुढे ढकललात. साखळी पगार, धंद्याचं उत्पन्न, जुनी ठेव, विक्री अशा एखाद्या स्वच्छ ठिकाणी जाऊन थांबली पाहिजे.

आणि काका मनातून "जमेल तेव्हा परत दे" म्हणत असतील तर त्याला गिफ्ट म्हणून कागद करू नका. युनिव्हर्सिटीचा माणूस व्हिडिओ कॉलवर सरळ विचारतो की काकांना पैसे परत द्यायचेत का, आणि मुलगा बोलून जातो की हो, नोकरी लागल्यावर. कागदावर एक आणि तोंडात दुसरं. अशा वेळी मी काकांना बाजूला ठेवून शैक्षणिक कर्जाकडे जातो.

कर्जाचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे त्याला 28 दिवस लागतच नाहीत, आणि पैसा कुठून आला हा प्रश्नही उरत नाही, बँकेने दिला. सरकारी बँका साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण मागत नाहीत, वडील सहकर्जदार लागतात. पण सँक्शन लेटर नीट वाचा, तिथेच फाइली अडकतात. पत्र अर्जाच्या तारखेआधी 6 महिन्यांच्या आतलं हवं, कर्ज विद्यार्थ्याच्या नावाने हवं, ते शिक्षणासाठी आहे असं लिहिलेलं हवं, आणि पैसे प्रवासाआधी मिळतील किंवा थेट युनिव्हर्सिटीला जातील हे त्यात यायला हवं. व्हिसा मिळण्याव्यतिरिक्त दुसरी कुठली अट पत्रात नको. आपल्या बँकांच्या छापील फॉर्मॅटमध्ये "गहाणखत झाल्यानंतर", "मार्जिन भरल्यावर", "वरिष्ठांच्या मंजुरीच्या अधीन" असली वाक्यं असतातच. मॅनेजरला ती औपचारिकता वाटते, तिकडचा वाचणारा म्हणतो कर्ज अजून मिळालेलंच नाही. त्या औपचारिकता आधी पूर्ण करून सुधारित पत्र घ्या, मॅनेजर कुरकुर करतात पण देतात.

मग तुमची गोळाबेरीज अशी होते. साडेसात लाखांचं कर्ज घेतलं तर 27.65 मधून ते वजा जाऊन 20 लाख 15 हजार खात्यात दाखवायचे राहतात. आधीचे 4, प्लॉटचे 9 आणि पतसंस्थेचे 6 मिळून 19 होतात, म्हणजे थोडक्यात कमी पडतं, रेटचा फरक धरला तर दोन-अडीच लाख कमी. ते काकांकडून खरंखुरं बक्षीस म्हणून घ्या, पाचही लागत नाहीत, तीन पुरतात. किंवा कर्ज 10-11 लाखांचं करा आणि काकांना त्रासच देऊ नका, मग तारण द्यावं लागेल ते बघा. मला विचाराल तर तारण ठेवायला काही असेल तर मी दुसरा रस्ता घेईन, कागद कमी आणि प्रश्नही कमी. नसेल तर पहिला.

तारखांचं नीट समजून घ्या. समजा हिशोबात धरलेली शेवटची रक्कम 3 जूनला आली. 3 जून हा पहिला दिवस, मग 30 जून हा अठ्ठाविसावा. या सगळ्या दिवसांत रोजचा क्लोजिंग बॅलन्स लागणाऱ्या आकड्याच्या वरच हवा, एक दिवस जरी पाच हजारांनी खाली गेला तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो, सरासरी वगैरे काही नसतं. आणि तुमच्या बाबतीत "वरच" म्हणजे रोख भरलेले 5 लाख वजा करूनसुद्धा वर. स्टेटमेंट 30 जूनपर्यंतचं घेतलं की तिथून 31 दिवसांच्या आत, म्हणजे 31 जुलैपर्यंत, ऑनलाइन अर्ज करून व्हिसाची फी भरलेली हवी. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. या 28 दिवसांत त्या खात्यातून एलआयसीचा हप्ता, ट्रॅक्टरचा हप्ता, बहिणीच्या कॉलेजची फी काही जाऊ देऊ नका, ऑटो डेबिट दुसऱ्या खात्यावर वळवा. सगळ्यात जास्त फसतात ते इथे, मध्येच युनिव्हर्सिटी आणखी 2,000 पौंड मागते, घाईत त्याच खात्यातून भरले जातात, बॅलन्स खाली जातो आणि कॅसवर ते भरलेले पैसे अजून चढलेले नसतात.

खातं वडिलांचं आहे म्हणून तुमचा जन्मदाखला आणि हे पैसे माझ्या मुलाच्या शिक्षणासाठी वापरायला माझी संमती आहे असं वडिलांचं सहीचं पत्र लागेल. दाखल्यावर वडिलांचं नाव आणि बँकेतलं नाव यात फरक असेल, एकीकडे पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसती आद्याक्षरं, तर एक अॅफिडेव्हिट करून ठेवा. हो, आणि कॉलेजला फी सवलतीसाठी तहसीलदारांकडून काढलेला उत्पन्नाचा दाखला या फाइलमध्ये तपासल्याशिवाय घालू नका, आधी तो आणि आयटी रिटर्न शेजारी ठेवून बघा. दाखल्यावर 80 हजार आणि रिटर्नवर साडेपाच लाख असेल तर तो प्रश्न तुमच्या घरचा आहे, तो आधी सोडवा.

युनिव्हर्सिटीला उत्तर पाठवताना एक पानाचं पत्र पुरतं, भावनिक काही नको, वडिलांनी किती कष्ट केले वगैरे काढून टाका. तारीख, रक्कम, कुठून आली आणि सोबत कुठला कागद जोडलाय, एवढंच. 9 लाखांपुढे दस्त नंबर आणि यूटीआर, 6 लाखांपुढे ठेवीची तारीख आणि पतसंस्थेचं पत्र, काकांचे असतील तर गिफ्ट डीड आणि त्यांचं स्टेटमेंट, कर्जापुढे सँक्शन लेटर, आणि रोख रकमेबद्दल वर सांगितलेली ओळ. मग हे पत्र तुम्ही स्वतः पाठ नाही पण समजून घ्या, कारण इंटरव्ह्यूत वडील नसतात, तुम्ही असता. वडील काय करतात, वर्षाला किती कमावतात, प्लॉट कुठला होता, कधी घेतला होता, का विकला, याची उत्तरं अडखळत आली तर चांगली फाइलही संशयास्पद वाटते.

पतसंस्थेची ठेव कधीची आहे आणि इंडेक्स टूवर मोबदला नक्की किती आहे ते खाली लिहा, आणि युनिव्हर्सिटीने उत्तराला किती दिवस दिलेत तेही. मुदत कमी असेल तर ठेव आजच मोडायला टाका आणि युनिव्हर्सिटीला मेल करा की पतसंस्थेकडून कागद यायला आठवडा लागेल, असा वेळ मागितला तर बहुतेक वेळा देतात.